तेहतिसावी प्लेट

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला पंचवीस वर्षांच्या आठवणींवर बोलायला सांगितलं होतं. पण आठवणी सांगणारे माझ्याहून ज्येष्ठ दोन वक्ते आहेत आणि पाण्याच्या टाकीचा इतिहास ते माझ्यापेक्षा चांगला सांगतील. मी परवानगी घेऊन दुसराच विषय निवडला आहे. गेल्या मे महिन्यात आपल्या मुलांनी हॉलबाहेरच्या व्हरांड्यात बारा संध्याकाळी जे कॅन्टीन चालवलं, त्याचा हिशेब मला तुमच्यापुढे मांडायचा आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी तिथे भेळ खाल्ली आहे. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला काय चाललं होतं, ते मात्र फार थोड्यांनी पाहिलं.

सातवी ते दहावीची दहा मुलं, आणि आपल्या गेटजवळ इस्त्रीचं दुकान आहे त्या भाऊंचा मुलगा, अशी अकरा जणांची टीम होती. सुट्टीत काय करायचं, यावर मुलांची चर्चा चालली होती आणि कुणीतरी म्हणालं, आनंद मेळाव्यात शाळेत लावतो तसा स्टॉल लावू. शाळेतला आनंद मेळावा मी पाहिलेला आहे. आई घरून साबुदाणा वडे करून देते, मूल ते दहा रुपयांना विकतं, आणि आलेले सगळे पैसे म्हणजे नफा. मी मुलांना म्हटलं, असा स्टॉल लावायचा असेल तर माझा काही उपयोग नाही. खरं कॅन्टीन चालवायचं असेल तर वही घेऊन या. दुसऱ्या दिवशी ती दोनशे पानी वही घेऊन आली, तेव्हा मला माघार घेता येईना.

भांडवलासाठी प्रत्येकी १०० रुपयांचा एक शेअर ठरला. इस्त्रीवाल्या भाऊंच्या मुलाकडे ५० रुपये होते. बाकीची मुलं म्हणाली, असू दे, तुझे आम्ही भरतो. तो नको म्हणाला. उरलेले पन्नास त्याने दुसऱ्या आठवड्यात भरले, आणि वहीत त्याच्या नावापुढे दोन तारखा आहेत. असं ११०० रुपये भांडवल उभं राहिलं.

मुलांना बटाटेवडा करायचा होता. उकळत्या तेलाजवळ मुलांना उभं करायला मी तयार नव्हतो, त्यांच्या आयाही नव्हत्या. म्हणून विस्तव न लागणारा पदार्थ म्हणजे भेळ, आणि पुढे कोकम सरबत. शुक्रवार, शनिवार, रविवार, साडेपाच ते साडेसात. टेबलं आणि जागा सोसायटीची. ह्या जागेचं दर संध्याकाळी ५० रुपये भाडं घ्यावं, अशी विनंती मीच समितीला केली होती. त्यावरून काही पालक माझ्यावर नाराज झाले, मुलांकडून कसलं भाडं घेता म्हणाले. पण जागा फुकट मिळते असं एकदा डोक्यात बसलं, की पुढे त्या मुलाने कधी दुकान काढलं तर पहिल्या महिन्यातच त्याला घाम फुटेल. बँकेत कर्जाच्या अर्जाबरोबर येणारे प्रकल्प अहवाल मी वर्षानुवर्षं वाचले. स्वतःच्या घरात धंदा करणारा माणूस भाडं शून्य लिहायचा आणि स्वतःचा पगारही शून्य लिहायचा. मग नफा सुंदर दिसायचा.

आता भेळेचा हिशेब. मुलांचा पहिला अंदाज असा होता: कुरमुरे, शेव आणि कांदा मिळून प्लेटला नऊ रुपये. पंधराला विकू, सहा रुपये नफा. मी काही बोललो नाही, फक्त म्हटलं, चाळीस प्लेटचं सगळं सामान कागदावर लिहा आणि बाजारात जाऊन भाव विचारून या. दोन मुलं आणि एक मुलगी सायकलवर गेली. परत आल्यावर वहीत जे लिहिलं गेलं ते असं: कुरमुरे १०० रुपये. शेव आणि पापडी २००. कांदा, बटाटा, टोमॅटो ८०. कोथिंबीर आणि कैरी ४०. चिंच-गुळाची आणि हिरवी अशा दोन्ही चटण्यांचं सामान १००. आणि सगळ्यांत शेवटी, भाजीवाल्यासमोर उभं असताना आठवलेले द्रोण आणि लाकडी चमचे ८०. बेरीज ६००. म्हणजे प्लेटला १५ रुपये. ज्या किमतीला ती विकणार होती, तेवढ्याला ती पडत होती. आणि त्यात भाडं अजून धरलेलंच नव्हतं.

चटणीच्या ओळीपाशी आठवीतल्या एका मुलीने एक प्रश्न विचारला. चटणी तिची आई करून देणार होती. सामानाचे शंभर लिहिले, पण आईच्या कामाचे किती लिहायचे? मुलं हसली. मला हसू आलं नाही, कारण ह्या प्रश्नाचं सरळ उत्तर हिशेबाच्या पुस्तकातसुद्धा नाही. मजुरी धरली तर भेळ परवडत नाही, न धरली तर वही खोटं बोलते. शेवटी त्यांनी असं लिहिलं: चटणी, आई, सव्वा तास, ० रुपये. ती ओळ दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी त्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणीने स्वतःच चिंच भिजत घातली. का, असं मी विचारलं नाही.

विक्रीचा दर २० ठरला. पहिल्या संध्याकाळी चाळीस प्लेटची तयारी झाली. सामानाचे ६०० आणि भाड्याचे ५० मिळून ६५० रुपये विक्री सुरू होण्याआधीच खर्ची पडलेले. रात्री मोजलं तर ३१ प्लेट गेल्या होत्या. ६२० रुपये आले. उरलेल्या नऊ प्लेटची भेळ मालक मंडळींनी तिथेच संपवली, आणि खाताखाता विचारलं, आजोबा, प्लेटला पाच रुपये सुटतात, मग एकतीस प्लेटचे १५५ रुपये नफा झाला ना?

मी म्हटलं, पेटी उघडा. ६५० घातले, ६२० आले. १५५ कुठे आहेत ते दाखवा.

ह्या एका प्रश्नावर आम्ही पाऊण तास बसलो. मला वाटतं, बारा दिवसांत सगळ्यांत जास्त शिकणं त्या पाऊण तासात झालं. ६५० ला २० ने भागलं की साडेबत्तीस येतात. म्हणजे पहिल्या बत्तीस प्लेट विकून होईपर्यंत मुलं सामानाचे आणि जागेचे पैसेच परत मिळवत होती. तेहतिसाव्या प्लेटला पहिल्यांदा त्यांच्या हाताला काही लागलं असतं. तेहतीस ते चाळीस ह्या शेवटच्या आठ प्लेटमध्ये त्या संध्याकाळचा सगळा १५० रुपयांचा नफा बसला होता. त्यातली एकही विकली गेली नाही, उलट नऊ प्लेट पोटात गेल्या. प्लेटला पाच रुपये सुटतात हे खरं, पण केलेली प्रत्येक प्लेट विकली गेली तरच.

ना नफा ना तोटा हा शब्द त्यांनी ऐकलेला होता. त्या दिवसापासून त्याचं नाव आमच्याकडे ‘तेहतिसावी’ पडलं. सातच्या सुमारास कुणीतरी काउंटरवरून ओरडायचं, तेहतिसावी गेली! आणि खाणाऱ्यांना कळायचं नाही की टाळ्या कशाला.

पण नुसतं जास्त विका म्हणून काय होणार? गिऱ्हाईक आपल्या हातात नाही, तयारी आपल्या हातात आहे. मुलांनी उरलेल्या मालाकडे पाहिलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की भेळेत दोन प्रकारचं सामान असतं. कुरमुरे, शेव, पापडी, द्रोण हे आज उरलं तर उद्या चालतं, फक्त कुरमुरे घट्ट झाकणाच्या डब्यात हवेत, नाहीतर सादळतात. चिरलेला कांदा, उकडलेला बटाटा, हिरवी चटणी ही मात्र त्याच दिवसाची. मे महिन्यात कालचा बटाटा आज वापरायचा नाही, हा नियम मी घातला आणि त्यावर चर्चा होऊ दिली नाही. मग त्यांनी स्वतःच असं ठरवलं की कांदा-बटाटा साडेपाचला फक्त वीस प्लेटचा चिरायचा, आणि साडेसहाला रांग बघून पुढचा. भेळ कालवून ठेवायची नाही, मागेल तशी कालवायची. त्यानंतर एखाद्या दिवशी पंचवीस प्लेट गेल्या तरी तोटा होईना, कारण उरलेले पंधरा प्लेटचे कुरमुरे डब्यात शाबूत असत. तेहतिसावी प्लेट पार खाली, बाराव्या-पंधराव्या प्लेटपर्यंत आली.

ह्या डब्याने पुढे एक गोंधळ केला. चौथ्या दिवशी खरेदीवाल्यांनी पाच किलोची कुरमुऱ्यांची पिशवी आणि दोन किलो शेव एकदम आणली, कारण घाऊक दुकानात स्वस्त मिळाली. त्या दिवशी सामानाचा खर्च ९८० आणि भेळेची विक्री ३६ प्लेटची, ७२० रुपये. भाडं धरून वहीत ३१० रुपये उणे. चेहरे पडले. एक जण म्हणाला, बंदच करू या. मी त्यांना डबा आणि वजनकाटा आणायला सांगितलं. उरलेल्या मालाची खरेदीच्या भावाने किंमत काढली, ती ४४० आली. म्हणजे त्या दिवशी खरोखर वापरला गेलेला माल ५४० चा. ७२० मधून ५४० आणि ५० गेले, राहिले १३०. पेटीत ३१० कमी आणि तरीही १३० नफा, हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि मधला फरक डब्यात होता.

सांगायला हरकत नाही, हे ऐकून मला माझे जुने दिवस आठवले. कॅश क्रेडिटच्या कर्जदाराचं दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट तपासायला आम्ही गोदामात जायचो. कागदावर भरलेली पोती प्रत्यक्षात आहेत का, आणि असली तर मागच्या रांगेतल्या पोत्यांत माल आहे की भुसा, हे हात घालून बघायचं. इथे डबा पारदर्शक होता, एवढंच.

सरबताची गोष्ट थोडक्यात. कोकम सरबताचा ग्लास ९ रुपयांना पडायचा, १५ ला जायचा. बर्फ बाजारातला नाही, घरच्या फ्रिजमधला, गाळलेल्या पाण्याचा. तिसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं आणि ग्लासामागे सहा रुपये सुटतात म्हटल्यावर साहजिकच प्रश्न आला, मग भेळ कशाला हवी? कांदे चिरून डोळ्यांत पाणी आणायचं आणि पाच रुपये मिळवायचे. ह्याचं उत्तर त्यांना सातव्या संध्याकाळी मिळालं.

त्या दिवशी मुलांनी बहुमताने भेळेचा दर २५ केला. बाहेरचा भेळवाला तीस घेतो, मग आपण का नाही? आदल्या रविवारी वीसच्या दराने ३७ प्लेट गेल्या होत्या, ह्या वेळी २२ गेल्या. पण भाव वाढवणाऱ्या गटाचा म्होरक्या खूश होता. त्याचं गणित बरोबर होतं: ३७ प्लेटला पाच रुपयांप्रमाणे १८५ सुटले होते, आज २२ प्लेटला दहाप्रमाणे २२० सुटले. काम कमी, पैसे जास्त. माझ्याकडे बघून त्याने हातही पुढे केला.

तेव्हा सरबताच्या टेबलावरची सातवीतली मुलगी म्हणाली, पण माझे ग्लास बघा ना. आदल्या रविवारी ३४ ग्लास गेले होते, आज १९. भेळ खाल्ल्याशिवाय तहान कुणाला लागणार? ३४ ग्लासांचे २०४ रुपये सुटले होते, आज ११४. दोन्ही टेबलांचे एकत्र केले तर आदल्या रविवारी ३८९ आणि आज ३३४. भेळेच्या रकान्यात ३५ वाढले, सरबताच्या रकान्यात ९० गेले. शिवाय वीसची नोट घेऊन आलेली लहान मुलं परत गेली होती, आणि पाच रुपयांच्या नाण्यांसाठी कॅशियर वैतागली होती. दुसऱ्या दिवशी दर पुन्हा वीस झाला. ठराव मांडणाराच म्हणाला, वीस करा. हे मला विशेष वाटलं, कारण आपल्या वार्षिक सभेत असं घडलेलं मला आठवत नाही. (हशा)

आता जरा अवघड भाग. समोर बसलेल्या मुलांना मी विचारून घेतलं आहे की हे सांगू का. त्यांनी हो म्हटलं, म्हणून सांगतो.

पैशांची व्यवस्था अशी होती. कॅशियर पैसे घेऊन नंबर छापलेलं कूपन देणार. काउंटरवर कूपन घेऊन भेळ देणार आणि कूपन खिळ्याला टोचून ठेवणार. पैसे घेणारा वस्तू देणार नाही आणि वस्तू देणारा पैशाला हात लावणार नाही. रात्री खिळ्यावरची कूपनं आणि पेटीतले पैसे जुळले पाहिजेत. बँकेत एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे ठेवायच्या, ह्याचंच हे लहान रूप. मुलांना आधी ते म्हाताऱ्याचं खूळ वाटलं.

पाचव्या संध्याकाळी भेळेची ३८ आणि सरबताची २६ कूपनं खिळ्यावर होती. म्हणजे ७६० आणि ३९०, एकूण ११५०. सुट्ट्यांसाठी ठेवलेले २०० धरून पेटीत १३५० हवे होते. निघाले १२५०. दोनदा मोजले, तेवढेच.

शंभर रुपये कमी. कॅशियर मुलगी मध्ये अर्धा तास क्लासला गेली होती आणि तेवढ्या वेळात पेटीपाशी कोण बसलं होतं, तर इस्त्रीवाल्या भाऊंचा मुलगा. कुणी काही बोललं नाही. पण सगळे ज्या दिशेला बघायचं टाळत होते, ती दिशा मला दिसली, आणि त्यालाही दिसली. इतक्यात एक पालक खाली आले होते, ते म्हणाले, जाऊ द्या हो, शंभरच तर आहेत, मी देतो. त्यांचा हेतू चांगला होता. पण त्यांनी शंभर भरले असते तर पेटी जुळली असती आणि त्या पोरावरचा संशय कायमचा तिथेच राहिला असता. मी त्यांना घरी जायला सांगितलं.

मग खिळा टेबलावर आणला आणि कूपनं एकेक काढून नंबरवार लावायला सांगितली. नेहमी कूपनं एकेक फाडलेली असतात, फार तर दोन एकत्र. त्यात १४ ते १८ ही पाच कूपनं एकाच पट्टीत होती, मधल्या रेघा फाडल्याच नव्हत्या. पाच प्लेट एकदम कुणी घेतल्या? काउंटरवरच्या मुलाला आठवलं. ट्रेमधून वर पोचवल्या होत्या, एका सभासदांकडे पत्त्यांचा डाव रंगला होता तिथे. आणि पैसे? त्यांनी कॅशियरला वरूनच हाक मारून सांगितलं होतं, नंतर देतो गं. तिने कूपनं फाडून दिली आणि क्लासच्या गडबडीत लिहायची राहिली. पाच प्लेटचे शंभर रुपये. नंबर चौदा ते अठरा, म्हणजे ती क्लासला जाण्याच्या बऱ्याच आधी.

ते सभासद आत्ता इथे आहेत. त्यांनी त्याच रात्री हसत शंभर रुपये दिले, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हा उलगडा होईपर्यंत तो मुलगा निघून गेला होता आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो आला नाही. शंभर रुपये जुळले होते, पण एक माणूस कमी होता. मुलं आपसांत बराच वेळ कुजबुजली. मग कॅशियर मुलगी आणि आणखी दोघं गेटपाशी गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. पंधरा मिनिटांनी ती चौघं परत आली आणि त्याने कांद्याची टोपली पुढे ओढली.

त्या रात्री मुलांनी वहीत दोन नियम लिहिले. पेटीवरचा माणूस बदलला की पैसे मोजायचे, पुढचा कूपन नंबर लिहायचा आणि दोघांनी सही करायची. आणि दुसरा नियम ठळक अक्षरात: उधार बंद, कुणालाही. मी त्यांना सांगितलं की इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाच्या गावात १८४४ साली अठ्ठावीस जणांनी प्रत्येकी एक पौंड जमवून सहकारी दुकान काढलं, त्यात बरेचसे विणकर होते, आणि त्यांचाही रोखीने विक्री हा नियम होता. लोणी, साखर, पीठ असल्या मोजक्याच वस्तूंवर ते सुरू झालं. मुलांना सगळ्यांत आवडलं ते हे, की त्यांच्या मालाची यादी आपल्यासारखीच छोटी होती.

बारा दिवसांनी हिशेब बंद केला. भेळेच्या ४१० प्लेट आणि सरबताचे ३०० ग्लास मिळून विक्री १२,८१० रुपये. खर्च सगळा मिळून १०,२१०. त्यात ६०० भाडं आहे आणि डबे, सुऱ्या, कूपन पुस्तकं ह्यांचे ३६० आहेत. निव्वळ नफा २,६००.

हे कळल्याबरोबर तीन-चार जणांनी मला फोन केला की मुलांना सगळी रक्कम एखाद्या चांगल्या कामाला द्यायला सांगा, स्मरणिकेत फोटो छापू. मी नाही म्हटलं. दान द्यायला माझा विरोध नाही. पण नफा वाटून घेणं हे मिळवण्यापेक्षा अवघड असतं, आणि तेवढाच भाग मुलांच्या हातून काढून घेतला तर उरतं काय? आधी वाटू द्या, मग ज्याचे त्याने द्यावेत.

एक गट म्हणाला, अकरा समान वाटे. दुसरा म्हणाला, मग चारच दिवस आलेल्यालाही तेवढेच? तिसरा म्हणाला, पैसे तर सगळ्यांनी सारखे घातले होते. मी त्यांच्यापुढे आपल्या सोसायटीचा ताळेबंद ठेवला आणि त्यातली राखीव निधीची ओळ दाखवली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो आणि शेअरवर १५ टक्क्यांपेक्षा जास्त लाभांश देता येत नाही. हा कायदा तुमच्या कॅन्टीनला लागू नाही, पण वापरून बघा, असं म्हटलं आणि मी घरी जेवायला गेलो.

परत आलो तेव्हा फळ्यावर असं होतं. राखीव निधी ६५०. शेअरवर १५ टक्क्यांनी लाभांश, ११०० वर १६५, म्हणजे प्रत्येकाला पंधरा रुपये. उरले १७८५. ते हजेरीवर वाटायचे. वहीतल्या अकराही जणांच्या हजेऱ्या मोजल्या तर १०५ भरल्या. हजेरीला १७ रुपये, बरोबर, एक पैसाही उरला नाही. मी गणित तीनदा तपासलं, इतकं सरळ उत्तर बँकेतल्या नोकरीत मला कधी मिळालं नव्हतं. चार दिवस आलेल्याला ६८ मिळाले, वर पंधरा. तो थोडा हिरमुसला, पण वही समोर होती. इस्त्रीवाल्या भाऊंच्या मुलाच्या दहा हजेऱ्या होत्या, त्याला १७० आणि पंधरा, शिवाय शेअरचे शंभर परत. त्याने सही मराठीत केली आणि नोटा मोजून घेतल्या. मोजूनच घ्यायच्या असतात. बाकीचे न मोजता खिशात घालत होते, त्यांनाही मग मी परत काढून मोजायला लावल्या.

राखीव निधीचे ६५० रुपये सोसायटीच्या खजिनदारांकडे पाकिटात आहेत, पाकिटावर दोघांच्या सह्या आहेत. येत्या मे महिन्यात त्यातून पहिली खरेदी होईल. त्याची तयारी सुरू झाली आहे, आणि त्या तयारीचाच भाग म्हणून मुलांनी पंधरा दिवसांपूर्वी समितीला एक लेखी अर्ज दिला आहे. व्हरांडा रोज रात्री आम्ही झाडून-पुसून देतो, सबब भाडं ५० वरून ४० करावं, असा त्याचा मजकूर आहे. सोबत मागच्या वर्षीचा हिशेब जोडला आहे आणि भाडं चाळीस केल्यास किती प्लेटला ना नफा ना तोटा होतो, तेही दाखवलं आहे. अर्जावर आवक क्रमांक पडला आहे. उत्तर मात्र अजून आलेलं नाही. सेक्रेटरीसाहेब व्यासपीठावर बसले आहेत, मुलं समोर बसली आहेत, आणि मी आता खाली बसतो.